दुकानाच्या दारातली तीन मिनिटं

दुकानाच्या उद्घाटनाला मालक जे बोलतो, त्यात सगळ्यात जास्त वेळ नावं खातात. कार्यक्रमांचं निवेदन करणं हे माझं काम, त्यामुळे अशा भाषणांचे मसुदे माझ्याकडे येत असतात. कुणी आदल्या रात्री पाठवतं, कुणी ऐन वेळी खिशातून घडी घातलेला कागद काढून ‘जरा बघता का’ म्हणतं. कागद उघडला की चित्र बहुतेक सारखंच असतं. वर दोन ओळींचं स्वागत, तळाशी ‘तरी आपण सर्वांनी अवश्य भेट द्यावी’ ही एक ओळ, आणि मधल्या सगळ्या जागेत माणसांची नावं.

त्या यादीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. स्वतःचं दुकान पहिल्यांदा उघडणाऱ्या माणसाला आपण कुणाकुणाच्या आधाराने इथवर आलो हे त्या दिवशी जितकं लख्ख दिसतं, तितकं पुन्हा क्वचितच दिसतं. एकही नाव सुटू नये ही त्याची धडपड खरी असते. तरीही ती यादी जशीच्या तशी वाचू नये असं मी दर वेळी सांगते, कारण ऐकणाऱ्यांपर्यंत त्यातलं जवळजवळ काहीच पोहोचत नाही.

हिशोब करून पाहण्यासारखा आहे. उघड्यावर, उभ्या माणसांसमोर, सगळ्यांना कळेल असं मराठी बोलायचं तर मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस शब्द होतात. घरात गप्पा मारताना आपण याहून पुष्कळ भरभर बोलतो, पण तो वेग दारात चालत नाही. म्हणजे तीन मिनिटांत जास्तीत जास्त तीन-साडेतीनशे शब्द. त्यातून टाळ्या, मध्येच कुणाचं तरी ‘जरा पुढे सरका’, एखादा हॉर्न आणि श्वास घ्यायला थांबणं वजा केलं, तर हातात अडीचशे शब्द उरतात. आता ‘ज्यांनी मला वेळोवेळी मोलाचं मार्गदर्शन केलं त्या अमुक अमुक यांचे मी मनःपूर्वक आभार मानते’ हे वाक्य घड्याळ लावून म्हणून पाहा. सात-आठ सेकंद जातात. अशी वीस नावं घेतली की साधारण अडीच मिनिटं संपली. दुकान कसलं आहे, ते कुणासाठी आहे, शेजाऱ्यांनी कधी आणि कशासाठी यायचं, हे सगळं उरलेल्या अर्ध्या मिनिटात उरकावं लागतं.

आणि त्या अडीच मिनिटांत ऐकणाऱ्यांचं काय होतं तेही बघायला हवं. सभागृहातला माणूस खुर्चीत बसलेला असतो, तो कंटाळला तरी बसून राहतो. दुकानासमोरचा माणूस उभा असतो, त्याच्या एका हातात पिशवी असते, दुसऱ्या हाताने त्याने मूल धरलेलं असतं. पाच-सहा नावं होईपर्यंत तो आपलं नाव येतंय का याकडे कान लावतो. येऊन गेलं की त्याचं लक्ष सुटतं. यायचं नसेल तर मुळात लागतच नाही. भाषण लांबल्याची पहिली खूण मला नेहमी पायांत दिसते. माणसं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्यायला लागतात, मागच्या रांगेतले दोघं एकमेकांकडे वळतात, आणि मग त्यांची कुजबुज सुरू होते. शेजारी बहुतेक याच मागच्या रांगेत असतात. नातेवाईक आणि मित्र पुढे असतात, शेजारी आपल्या दाराशी किंवा कडेला उभे राहून ऐकतात. ज्यांना आमंत्रण द्यायचं तेच सगळ्यात आधी हातचे जातात.

म्हणून माझी पद्धत अशी, की यादीतली नावं बाजूला ठेवायची आणि प्रत्येकाने काय केलं ते एका ओळीत लिहायला सांगायचं. क्रियापदासकट. ‘मार्गदर्शन केलं’, ‘सहकार्य केलं’, ‘पाठीशी उभे राहिले’ ही उत्तरं चालत नाहीत. हाताने, वेळेने किंवा पैशाने काय केलं ते लिहायचं.

उदाहरणासाठी सायकलींचं दुकान घेऊ, जिथे थोड्या नव्या सायकली आणि मुख्यतः दुरुस्ती आहे. मालकीण दुसऱ्याच्या दुकानात काम शिकली आणि आता स्वतःचं सुरू करते आहे. तिच्या यादीत वीस नावं आहेत. ज्यांच्या हाताखाली ती शिकली ते उस्ताद, मोठा भाऊ, आई, जागामालक, कर्ज मंजूर करणारे अधिकारी, सुतार, वायरमन, रंगारी, पाटी लिहिणारा, सुट्या भागांचे दोन व्यापारी, चार मैत्रिणी, आणि आजूबाजूचे पाच शेजारी. प्रत्येकापुढे काय केलं ते लिहायला लागलं की यादी आपोआप गटांत पडते. सुतार, वायरमन, रंगारी आणि पाटीवाला यांनी दुकान हातांनी उभं केलं, तो एक गट. मैत्रिणींनी फॉर्म भरले, परवान्याच्या रांगेत सोबत उभ्या राहिल्या, तो दुसरा. शेजाऱ्यांनी कामाचा त्रास सोसला, तो तिसरा. उरलेल्यांत तिघांचं काम असं निघतं की ते दुसऱ्या कुणाच्या कामात मिसळता येत नाही. उस्तादांनी हुन्नर दिला, भावाने साठवलेली रक्कम दिली, आईने मूल सांभाळलं. ते तिघं स्वतंत्र वाक्याचे धनी.

मग जागामालक, बँकेचे अधिकारी आणि व्यापारी यांचं काय? इथे मालक अडतात. ‘त्यांना वाईट वाटेल’ म्हणतात, आणि ती भीती रास्त आहे. त्यांचे आभार मानायचेच, पण ते भाषणात असण्याची गरज नाही. जागामालकांना दुकानात सगळ्यात आधी नेऊन, त्यांनी बघितलेली मोकळी खोली आता कशी दिसते ते दाखवलं तर त्याचं मोल मोठं आहे. त्यांच्याशी, अधिकाऱ्यांशी आणि व्यापाऱ्यांशी नातं व्यवहाराचंही आहे, आणि व्यवहारातलं कौतुक समोरासमोर, हातात हात घेऊन जास्त शोभतं. गर्दीसमोर घेतलेलं नाव दोन सेकंदांत विरतं. फक्त हे आधी करायचं, भाषणाच्या आधी, म्हणजे भाषणात नाव नाही आलं तरी त्या माणसाला आपण विसरले गेलो असं वाटत नाही. निम्मे रुसवे केवळ या क्रमाने टळतात.

कामाच्या माणसांच्या गटासाठी मला एक रीत फार आवडते. त्यांची नावं न घेता त्यांनी काय केलं ते सांगायचं आणि त्यांना हात वर करायला सांगायचं. चार नावं वाचली तर ऐकणाऱ्यांना ती फक्त ऐकू येतात. हात वर झाले की चेहरे दिसतात, लोक आपणहून टाळ्या वाजवतात, आणि ‘हे रॅक तुम्ही केलेत का’ असं विचारायला नंतर कुणीतरी त्यांच्याकडे जातं. बऱ्याचदा तिथल्या तिथे पुढचं काम ठरतं. सुताराला याहून चांगले आभार कुठले? एकच काळजी घ्यायची, त्या माणसांना आधी कल्पना द्यायची. अचानक हात वर करायला सांगितलं तर लाजाळू माणूस मागे सरकतो.

आता क्रम. सगळ्यात जवळच्या माणसाचं नाव शेवटी घ्यायचं, म्हणजे कळस गाठला जातो, असं पुष्कळांना वाटतं. मी याच्या उलट सांगते. ज्या नावाने आवाज भरून येणार आहे ते नाव पहिल्या मिनिटातच घ्यावं. आईचं नाव शेवटी ठेवलं आणि गळा दाटला, की आमंत्रण बोलायचंच राहून जातं. लोक हळवे होतात, टाळ्या वाजवतात, कुणीतरी पुढे होऊन मिठी मारतं आणि कार्यक्रम तिथेच संपतो. शेजाऱ्यांना आत या म्हणणारं वाक्य कागदावरच राहतं. आईचं नाव लवकर आलं, तर सावरायला पुढे दीड-दोन मिनिटं असतात. त्या वाक्यानंतर मुद्दाम हात वर करायचं वाक्य ठेवावं. सगळ्यांचे डोळे दुसरीकडे वळतात, टाळ्या वाजतात, तेवढ्यात घोटभर पाणी प्यायला मिळतं. आणि ते हळवं वाक्य लहान ठेवावं. लांब वाक्याच्या मध्यावर आवाज फुटला तर वाक्य पुरं करता येत नाही. पाच-सात शब्दांचं असलं तर पार पडतं.

शेजाऱ्यांकडे मात्र मी खूप वेळ थांबते, कारण या भाषणाचा खरा अर्थ मला तिथे वाटतो. नातेवाईक आणि मित्र दुकान कसंही चाललं तरी आपलेच राहतात. शेजाऱ्याने हे दुकान मागितलेलं नसतं. त्याने ड्रिलचा आवाज ऐकला, धूळ पुसली, त्याच्या दारासमोर वाळू पडली, आणि आता दुकान उघडल्यावर त्याच्या रोजच्या जगण्यात काहीतरी बदलणार आहे. लोकांची ये-जा वाढेल, गाड्या उभ्या राहतील, आवाज होईल. तो उद्घाटनाला आला आहे तो थोडा कौतुकाने, थोडा अंदाज घ्यायला. त्याच्या मनातला प्रश्न ‘इथे काय मिळेल’ हा नसतोच. ‘आता मला याचा किती त्रास होणार’ हा असतो. तो प्रश्न त्याने विचारायच्या आधी मालकाने तोंडावर घेतला, तर मागच्या रांगेतली मान वर होते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

घ्यायचा कसा? ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य नको. ते पाटीवरचं वाक्य आहे, आणि तसंच ऐकू येतं. झालेला त्रास नावानिशी सांगायचा: ड्रिल, धूळ, अडलेलं दार. मग पुढे होणारा त्रासही लपवायचा नाही. सायकलच्या दुकानात हातोडा वाजणारच, दुरुस्तीला आलेल्या सायकली दाराबाहेर रेंगाळणारच. त्यावर एक किंवा दोन शब्द द्यायचे, आणि ते असेच असावेत की सगळ्यात गर्दीच्या दिवशीही पाळता येतील. ‘कुणालाही कधीही त्रास होणार नाही’ हे वचन पहिल्याच आठवड्यात मोडतं. ‘संध्याकाळी सातनंतर हातोडा वाजणार नाही’ हे पाळता येतं, आणि शेजाऱ्याला घड्याळ बघून तपासताही येतं. कागदावरचं प्रत्येक वचन मी मालकाला एकच प्रश्न विचारून तपासते: दुकानात तुम्ही नसाल, मदतनीस एकटा असेल, तेव्हाही हे होईल का? उत्तर देताना अडखळले की ते वाक्य काढायचं किंवा लहान करायचं.

आमंत्रणाचंही तसंच. ‘अवश्य भेट द्या’ या वाक्यात दिवस नाही, वेळ नाही, यायचं कारण नाही. ऐकणारा मान हलवतो आणि विसरतो. शिवाय दुकानात जायचं म्हणजे काहीतरी घ्यायला हवं, नुसतं डोकावून परत फिरणं बरं दिसणार नाही, हा संकोच चांगल्या माणसांना फार असतो. तो संकोच आमंत्रणानेच मोडावा लागतो. काही विकत न घेता येण्याचं एक खरं कारण द्यायचं. सायकलच्या दुकानात ते सोपं आहे, दाराबाहेर हवा भरायचा पंप ठेवायचा. शिंप्याच्या दुकानात सुटलेलं बटण लावून देणं असू शकतं, झाडांच्या दुकानात पिवळं पडलेलं पान दाखवायला येणं. जे काही असेल ते मालकाला परवडणारं आणि त्याच्या धंद्यातूनच निघणारं असावं. सवलतीच्या घोषणा मी भाषणातून काढून टाकते. टक्के, तारखा आणि अटी उभ्या माणसाच्या लक्षात राहत नाहीत, आणि आत्ताच ऐकलेल्या आभारांनंतर त्या कानाला बोचतात. त्यांच्यासाठी काचेवर मोठ्या अक्षरांत कागद लावावा.

हे सगळं धरून त्या सायकलवाल्या ताईंचं भाषण असं होईल.

‘नमस्कार. तुम्ही सगळे उभे आहात, म्हणून थोडक्यात बोलते.

हे सायकलींचं दुकान आहे. नव्या सायकली मिळतील, पण मुख्य काम दुरुस्तीचं. ते मी ज्यांच्याकडे शिकले ते उस्ताद इथे आहेत. चाक आउट होऊन डुलतं ते डोळ्यांनी दिसतं, पण स्पोक किती ताणलाय ते वाजवून कानाने ओळखायचं, हे त्यांनी मला शिकवलं. उस्ताद, आज पहिलं चाक मी लावीन. तपासायचं तुम्ही.

दादाने त्याची साठवलेली रक्कम मला दिली, आणि परत कधी देणार हे एकदाही विचारलं नाही. दादा, या भिंतींत तू आहेस. आईने माझ्या मुलीला सांभाळलं, म्हणून मी इथे रात्री थांबू शकले. आई, हे शटर तुझ्यामुळे उघडलं.

ज्यांनी रॅक बसवले, वायरिंग केलं, भिंती रंगवल्या, पाटी लिहिली, त्यांनी एकदा हात वर करावा. यांचं काम तुम्हाला आत दिसेल. ज्या मैत्रिणींनी फॉर्म भरले, परवान्याच्या रांगेत माझ्यासोबत उभ्या राहिल्या, त्यांना मी कधी विसरणार नाही.

आता शेजाऱ्यांशी बोलते. काम चालू होतं तेव्हा तुम्ही ड्रिलचा आवाज ऐकलात, धूळ पुसलीत. कुणी शिडी दिली, कुणी पाणी दिलं. पुढेही थोडा आवाज होईल. म्हणून दोन गोष्टी सांगते. संध्याकाळी सातनंतर इथे हातोडा वाजणार नाही. आणि दुरुस्तीची सायकल तुमच्या दारासमोर उभी राहणार नाही. राहिलीच, तर मला हाक मारा, मी लगेच हलवीन.

दाराबाहेर हवा भरायचा पंप आहे. तो तुमचा समजा. दुकान उघडं असेल तेव्हा कधीही हवा भरा, काही विकत घ्यायची गरज नाही. आणि उद्यापासून आठवडाभर, रोज संध्याकाळी पाच वाजता, पंक्चर कसं काढायचं ते मी मुलांना दाखवणार आहे. सायकल नसली तरी पाठवा.

दुकान उघडलं आहे. या, आत या.’

हे दोनशेच्या आसपास शब्द आहेत. घरी वाचलं तर दोन मिनिटांच्या आत संपतं आणि मालकांना वाटतं, अजून जागा आहे, चार नावं घालू या. तसं करू नये. दारात हेच भाषण अडीच मिनिटं घेईल. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी 1911 साली एक गोष्ट मांडली, जी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते: आजूबाजूला गोंगाट असला की माणूस न ठरवता आवाज चढवतो. आवाज चढला की स्वरही लांबतात, शब्द ताणून येतात, आणि एका श्वासात कमी शब्द मावतात. म्हणून बंद खोलीत मोजलेली वेळ रस्त्याकडेला खोटी ठरते. खरी वेळ मोजायची तर आदल्या दिवशी, उद्घाटनाच्याच वेळी, दुकानाच्या दारात उभं राहून, पलीकडे उभ्या केलेल्या एका माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात भाषण म्हणायचं. दोन वेळा पुरतं. पलीकडच्या माणसाने घड्याळ धरायचं आणि कुठला शब्द कळला नाही तेवढंच सांगायचं.

या सरावात लांब वाक्यं लगेच उघडी पडतात. कागदावर सुरेख दिसणारं, ‘ज्यांनी’, ‘ज्यांच्या’, ‘ज्यामुळे’ जोडत गेलेलं वाक्य चढ्या आवाजात म्हणताना शेवटापर्यंत श्वास पुरत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे श्वास संपतो तो नेमका जिथे अर्थ पुरा व्हायचा तिथे. ‘आभार’ ऐकू येतं, ‘मानते’ गिळलं जातं. तसं झालं की वाक्य तोडायचं, जोर लावायचा नाही.

माइकचं विचाराल तर तीस-चाळीस माणसं असतील तेव्हा मी नको म्हणते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणून माणसं लांब रांगेत उभी राहिली तर शेवटच्याला ऐकू जात नाही, आणि तीच माणसं अर्धवर्तुळात जवळ घेतली तर साध्या आवाजात भागतं. सुरू करण्याआधी ‘दोन पावलं पुढे या’ एवढं म्हणायला कुणीही संकोचू नये. गर्दी त्याहून मोठी असेल तर माइक घ्यावा, पण मग कागद धरायला एकच हात उरतो हे लक्षात ठेवायचं. कागदाऐवजी जाडसर कार्ड बरं, वाऱ्यात फडफडत नाही. एकाच बाजूला, मोठ्या अक्षरांत, आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे ओळ तोडून लिहिलेलं. मोबाइलवरून वाचू नये. उन्हात पडदा दिसत नाही, आणि नेमका त्या दिवशी अभिनंदनाचा फोन येतोच येतो.

पाहुणे हा वेगळा विषय आहे. उद्घाटक आधी बोलणार असतील आणि ते लांबले, तर मालकाच्या वाट्याला दमलेली माणसं येतात. त्यांना थांबवणं शक्य नसतं. तेव्हा मधलं कापायचं. कुठलं ते आधीच ठरवून कार्डावर पेन्सिलीने कंस करून ठेवावा. मी कंस घालते तो मैत्रिणींच्या वाक्याभोवती आणि दुकानात काय मिळतं त्या वाक्याभोवती, कारण मैत्रिणी समजून घेतात आणि दुकानातला माल डोळ्यांना दिसतोच. तीन माणसांची वाक्यं, हात वर करणारं वाक्य आणि शेजाऱ्यांचा भाग यांना हात लावायचा नाही. एवढ्याने सव्वादोन मिनिटांच्या आसपासचं भाषण उरतं आणि त्यातलं मोलाचं काही जात नाही. शक्य असेल तर मालकाने पाहुण्यांच्या आधी बोलावं, हे मी सुचवते, पण ते प्रत्येक ठिकाणी जमत नाही.

‘या, आत या’ म्हणताना मालक कुठे उभा आहे याकडेही लक्ष हवं. तो बहुतेक दाराच्या मधोमध उभा असतो, कारण फोटो तिथे चांगला येतो. आत या म्हणतो आणि स्वतः दार अडवून राहतो. लोक अंदाज घेत थांबतात, मग अभिनंदनासाठी त्याच्याभोवती जमतात, आणि शेजारी मागच्या मागे घरी जातात. शेवटचं वाक्य म्हणता म्हणता एक पाऊल बाजूला सरकायचं आणि दाराकडे हात करायचा, हे सरावातच बसवून घ्यावं. आत एखादा माणूस आधीच उभा असू दे, येणाऱ्याशी बोलायला. आमच्या उदाहरणात तिथे सुतार असला तर उत्तम, कारण लोक आत शिरल्या शिरल्या रॅककडेच बघणार आहेत.

एवढं करूनही कुणीतरी सुटतंच. भाषण संपल्यावर लक्षात येतं की ज्याने पहिल्या दिवशी सामान उतरवायला हात लावला तो मागे उभा होता. तेव्हा पुन्हा माइक हातात घेऊन ‘एक नाव राहिलं’ म्हणू नये. त्या एका नावामागून आणखी दोन आठवतात, आणि ज्यांचं आलं नाही त्यांना आता नक्की कळतं की आपलं राहिलं. त्यापेक्षा त्या माणसापर्यंत लगेच चालत जावं, त्याने काय केलं होतं ते त्याच शब्दांत त्याच्यासमोर म्हणावं, आणि त्याच्या घरचं कुणी सोबत असेल तर त्यांना ऐकू जाईल असं म्हणावं.

उशिरा येणारेही असतातच. भाषण संपल्यावर तासाभराने शेजारचे कुणीतरी कामावरून परततात, दारात थबकतात आणि ‘आमचं राहिलं बघा ऐकायचं’ म्हणतात. त्यांच्यासाठी सबंध भाषण पुन्हा म्हणायचं नसतं, पण ‘काही विशेष नव्हतं हो’ असंही म्हणू नये. त्यांना फक्त शेजाऱ्यांचा भाग सांगावा, बोलण्याच्या सुरात, अर्ध्या मिनिटात: सातनंतर आवाज नाही, दारासमोर सायकल दिसली तर हाक मारा, पंप बाहेर आहे, उद्या पाचला मुलांना पाठवा.